रात्री साडेआठचा फोन: बोटीवरचा माणूस आणि घर यांच्यातली चुकामूक

नेरूळ, सीवूड्स, खारघर, ऐरोली या पट्ट्यात मर्चंट नेव्हीतला एकही माणूस राहत नाही अशी सोसायटी शोधून काढावी लागते. करावे येथे टी. एस. चाणक्य ही नौवहन प्रशिक्षण संस्था आहे, बेलापुरात क्रू भरती करणाऱ्या कंपन्यांची कार्यालये आहेत आणि खाडीपलीकडे न्हावा-शेवा आहे. मी स्वतः पंचवीस वर्षे बोटीवर काढली, त्यातली शेवटची काही कप्तान म्हणून, आणि आता सीवूड्सला घरी असतो. पहिल्या किंवा दुसऱ्या करारावर निघालेली मुले आणि त्यांच्या घरची माणसे अधूनमधून भेटायला येतात. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: सहा-आठ महिने करमणार कसे?

माझा अनुभव असा आहे की घरची आठवण येणे ही साधी, सोसण्याजोगी गोष्ट आहे. माणूस खचतो तो दोन्हीकडच्या चुकामुकीने. घरी फोनची वेळ होते तेव्हा बोटीवर झोपेची वेळ असते, घरी ज्या तारखेवर खूण केलेली असते ती तारीख बोटीवर कधीच पक्की नसते आणि घरची बातमी अर्धीच पोहोचते. या चुकामुकीचा बराचसा भाग कागद-पेन्सिल घेऊन आधीच टाळता येतो, म्हणून या लेखात तेवढेच सविस्तर सांगतो.

एक उदाहरण घेऊ. नेरूळचा एक सेकंड ऑफिसर बल्क कॅरियरवर आहे. घरी पत्नी, आई आणि पहिलीत जाणारा मुलगा आहे. बोट सिंगापूरहून रिकामी निघून केप ऑफ गुड होपला वळसा घालून ब्राझीलच्या सांतोस बंदरात सोयाबीन भरायला चालली आहे. प्रवास साधारण महिनाभराचा आहे. बोट चालवण्याच्या पाळीला वॉच म्हणतात आणि सेकंड ऑफिसरची वॉच बारा ते चार, म्हणजे दुपारी बारा ते चार आणि पुन्हा मध्यरात्री बारा ते पहाटे चार अशी असते. निघताना पती-पत्नीने ठरवले होते की रोज रात्री साडेआठला, मुलाचे जेवण झाले की फोन करायचा. घरच्या दृष्टीने ही वेळ अगदी योग्य आहे, परंतु बोटीच्या घड्याळावर तिचे काय होते ते पाहा.

सिंगापूरजवळ बोटीचे घड्याळ भारताच्या अडीच तास पुढे असते. नेरूळला रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा बोटीवर अकरा वाजलेले असतात आणि मध्यरात्रीच्या वॉचआधी मिळालेल्या तीन-साडेतीन तासांच्या झोपेत तो गाढ असतो. पश्चिमेकडे जाताना घड्याळ दर काही दिवसांनी एकेक तास मागे करतात. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी बोट येते तेव्हा ती भारताच्या साडेतीन तास मागे असते, आणि साडेआठचा फोन त्याच्याकडे संध्याकाळी पाचला पोहोचतो. वॉच संपलेली, चहा झालेला, मन मोकळे, असे हे दोन-चार दिवस दोघांनाही सुखाचे जातात. पुढे ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अंतर साडेआठ तासांचे होते, आणि नेरूळला साडेआठ वाजतात तेव्हा बोटीवर बरोबर दुपारचे बारा वाजलेले असतात. नेमक्या त्या क्षणी तो ब्रिजवर, म्हणजे बोट चालवण्याच्या कक्षात, थर्ड ऑफिसरकडून वॉच ताब्यात घेत असतो.

म्हणजे एकाच महिन्यात तीच वेळ आधी झोपेत, मग फुरसतीत आणि शेवटी कामात जाऊन पडली. घरी पत्नीला एवढेच दिसते की मधले चार दिवस तो नीट बोलला आणि आता पुन्हा फोन उचलत नाही. बोटीवर त्याला दिसते ते असे की वॉचला उभे राहताना रोज खिशातला फोन थरथरतो आणि तो घेता येत नाही. दोघांपैकी कोणाचीच चूक नसते, पण आठवडाभर असे झाले की मनात अढी बसायला सुरुवात होते.

यावर उपाय असा की फोनची वेळ घरच्या घड्याळावर न ठरवता वॉचच्या संदर्भाने ठरवावी. बारा-चार वॉचच्या माणसाला दिवसातून दोन फटी मिळतात. एक सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, वॉचला जाण्याआधी जेवताना, दहा मिनिटांची. दुसरी संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर, जरा ऐसपैस. आता ब्राझीलजवळचा हिशोब करा. बोटीवरचे सव्वाअकरा म्हणजे नेरूळला पावणेआठ, तेव्हा मुलगा जागा असतो. दहा मिनिटांचा फोन त्याच्यासाठी राखून ठेवावा. बोटीवरचे संध्याकाळचे पाच म्हणजे नेरूळला रात्रीचा दीड, तेव्हा पत्नीने जागत बसू नये. त्या वेळी त्याने निवांतपणे आवाजी निरोप रेकॉर्ड करून पाठवावा, तिने तो सकाळी चहा घेताना ऐकावा आणि आपला निरोप दुपारी पाठवून ठेवावा. आठवड्यातून एकदा, रविवारी, पहाटे चारला वॉच संपल्यावर त्याने सव्वाचारला फोन करावा. नेरूळला तेव्हा दुपारचे पाऊण वाजलेले असतात. अर्धा तास बोलून पाचच्या आत झोपला तरी पुढच्या वॉचआधी त्याला सलग सहा तास झोप मिळते.

झोपेचा हा आग्रह उगाच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे खलाशाला कोणत्याही २४ तासांत किमान १० तास आणि ७ दिवसांत किमान ७७ तास विश्रांती मिळायला हवी, आणि त्या १० तासांपैकी एक तुकडा किमान सलग ६ तासांचा असावा लागतो. घराशी बोलण्यासाठी माणूस बहुधा याच तुकड्याला कात्री लावतो. चार-पाच दिवस अपुरी झोप झाली की चिडचिड, रडू येणे, घरच्यांच्या साध्या बोलण्याचा राग येणे हे सगळे सुरू होते आणि तो समजतो की आपल्याला घरची फार आठवण येते आहे. मी कप्तान असताना असा कोणी केबिनमध्ये आला की सगळ्यात आधी विचारत असे, गेल्या तीन रात्री किती तास झोपलास? पुष्कळदा उत्तरातच दुखण्याचे मूळ सापडत असे.

घड्याळ बदलले की बोटीवरच्या माणसाने घरी एका ओळीचा निरोप टाकावा: ‘आज घड्याळ एक तास मागे केले, आता आपल्यात साडेसहा तासांचे अंतर.’ घरी फ्रिजवर एक कागद लावावा, त्यावर हे अंतर खोडून नवे लिहावे आणि शेजारी दोन फटींच्या वेळा लिहाव्यात. मी पाहिलेल्या एका घरी सहा वर्षांची मुलगीच हे काम करत असे. बाबांचे घड्याळ मागे गेले म्हणजे बाबा पुढे गेले, हे तिने स्वतःच शोधून काढले होते, आणि तिची आई सांगे की त्या कागदामुळे पोरीचे ‘बाबा आज का नाही बोलले’ हे विचारणे कमी झाले. बोट बंदरात लागली की मात्र हा कागद गुंडाळून ठेवावा. माल चढवताना किंवा उतरवताना बऱ्याच बोटींवर सहा तास काम, सहा तास सुट्टी अशी पाळी लागते, त्यात सर्वेक्षक, एजंट आणि तपासणी अधिकारी येत राहतात. घरच्यांना वाटते की बंदरात आता नेटवर्क आहे, आता तरी भरपूर बोलेल, आणि नेमके तेव्हाच त्याला सर्वांत कमी वेळ असतो. हे आधी सांगून ठेवले नाही तर हमखास भांडण होते.

आता शांततेचे, म्हणजे काहीच निरोप न येण्याचे पाहू. बोटीवरचे इंटरनेट उपग्रहावरून येते. पूर्वी सगळ्यांची भिस्त व्हीसॅटवर असे आणि महिन्याचा डेटा मोजून मिळे. आता अनेक बोटींवर स्टारलिंक आले आहे आणि व्हिडिओ कॉलही सहज होतात. सागरी कामगार कराराच्या, म्हणजे एमएलसीच्या, २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या सुधारणांनुसार मालकाने शक्य असेल तेथे बोटीवर इंटरनेटसह घराशी संपर्काची सोय द्यावी आणि त्याचे पैसे घेतलेच तर ते वाजवी असावेत, असे अपेक्षित आहे. तरीही खंड पडतोच. बोट विशिष्ट दिशेला वळली की अँटेना आणि उपग्रह यांच्या मध्ये मास्ट किंवा चिमणी येते, काही देशांच्या हद्दीत सेवा बंद ठेवावी लागते, धोक्याच्या टापूत काही कंपन्या क्रूचे इंटरनेट स्वतःहून बंद करतात आणि कधी कधी फक्त त्याचा महिन्याचा कोटा संपलेला असतो.

घरी बसलेल्या माणसाला यातले काहीच दिसत नाही. त्याला फक्त एकच टिक दिसते. मग घरची माणसे मोबाइलवर बोटीची जागा दाखवणारे ॲप उघडतात, तेथे बोट चार दिवसांपूर्वीच्या ठिकाणी थांबलेली दिसते, आणि घरात रडारड सुरू होते. अशा ॲपची फुकट आवृत्ती प्रामुख्याने किनाऱ्यावरच्या केंद्रांनी पकडलेल्या संदेशांवर चालते, आणि किनाऱ्यापासून काही दहा मैल आत गेले की ते संदेश पोहोचत नाहीत. भर समुद्रात जुनी जागा दिसणे हीच नेहमीची स्थिती आहे.

म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून टाकावे की किती तासांची शांतता नेहमीची समजायची. माझ्या मते भर समुद्रात ४८ तास ही योग्य मर्यादा आहे. ती ओलांडली तर नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारत बसण्याऐवजी कंपनीच्या क्रू विभागाला फोन करावा आणि एकच प्रश्न विचारावा: ‘बोटीचा आजचा नून रिपोर्ट आला का?’ प्रत्येक बोट रोज दुपारी बारा वाजता आपली जागा, वेग, हवामान आणि शिल्लक इंधन कंपनीला कळवते. क्रूचे इंटरनेट बंद असले तरी हा अहवाल जातो. तो आला आहे एवढे कळले की घरात जेवण होते. यासाठी घरच्यांकडे बोटीचे नाव, तिचा सात आकडी आयएमओ क्रमांक, त्या माणसाचा हुद्दा आणि कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन नंबर एका कागदावर हवा. हा कागद निघण्याच्या दिवशी विमानतळावर जाताना गाडीत लिहायचा नसतो. आठवडाभर आधी लिहून आईला किंवा पत्नीला वाचून दाखवायचा असतो.

घरची वाईट बातमी ही याहून अवघड गोष्ट. आपल्याकडे ती लपवण्याची रीत आहे. तिकडे एकटा आहे, ऐकून काय करणार, असे सगळे म्हणतात. माझ्या वडिलांना रुग्णालयात ठेवले तेव्हा मला तीन आठवड्यांनी कळले, तेही एका चुलतभावाच्या तोंडून निसटले म्हणून. वडील बरे झाले, पण त्यानंतरच्या दोन करारांत घरून ‘सगळे ठीक आहे’ असे कोणी म्हटले की माझा विश्वासच बसत नसे. लपवण्याने माणूस वाचत नाही. त्याच्या हातची एकमेव गोष्ट, म्हणजे घरून येणाऱ्या शब्दावरचा भरवसा, तेवढी जाते.

सांगण्याची पद्धत मात्र विचारपूर्वक ठरवावी. सर्वांत वाईट निरोप म्हणजे ‘लगेच फोन कर, महत्त्वाचे आहे.’ तो वाचल्यावर नेटवर्क गेले तर पुढचे दोन दिवस माणूस मनातल्या मनात घरातल्या प्रत्येकाला मारून मोकळा होतो. त्याऐवजी एकाच निरोपात पूर्ण गोष्ट लिहावी: ‘आईला काल रात्री छातीत दुखले म्हणून दवाखान्यात नेले. अँजिओग्राफी झाली, आता शुद्धीवर आहे आणि बोलते आहे. दादा तिच्याजवळ आहे. डॉक्टर उद्या सकाळी पुढचे सांगणार आहेत, तुझ्या सव्वाअकराच्या वेळी मी पुन्हा कळवते. आत्ता तू काही करायची गरज नाही.’ काय झाले, आत्ता स्थिती काय आहे, जवळ कोण आहे आणि पुढचा निरोप कधी येईल, हे त्यात आले पाहिजे. वेळ निवडता येत असेल तर वॉच सुरू होण्याच्या तोंडावर सांगू नये, कारण मध्यरात्री काळोख्या ब्रिजवर जवळ केवळ एक लुकआउट असताना पुढचे चार तास त्याला ते एकट्याने वाहावे लागते. खरोखर गंभीर बातमी असेल तर ती कंपनीमार्फत कप्तानाकडे पाठवावी. कप्तान त्याला बोलावून, बसवून सांगतो, त्याची वॉच दुसऱ्याकडे देतो आणि घरी पाठवता येईल का याची चौकशी तेव्हाच सुरू करतो.

तारखेच्या चुकामुकीबद्दल थोडक्यात सांगतो. करारपत्रात ‘६ महिने, अधिक-उणे १ महिना’ असे लिहिलेले असते. घरचे सहावा महिना धरतात, मुलाच्या मनात तर पाचवाच असतो. कंपनीला सातव्या महिन्यापर्यंत मुभा असते आणि बोट कोणत्या बंदरात जाते, तेथे क्रू बदलता येतो का, त्याच्या जागी येणाऱ्या माणसाचा, म्हणजे रिलीव्हरचा, व्हिसा आणि वैद्यकीय तपासणी झाली का यावर खरी तारीख ठरते. म्हणून घरच्या कॅलेंडरवर खूण सातव्या महिन्याच्या शेवटी करावी आणि रिलीव्हरचे तिकीट निघेपर्यंत बारसे, लग्न, गणपती यांची तारीख त्याच्या येण्याला बांधू नये. सातवा महिनाही उलटला तर गप्प राहू नये. कराराची मुदत संपल्यावर स्वतःच्या संमतीशिवाय थांबायचे नसते, आणि एमएलसीप्रमाणे सलग बोटीवर ठेवण्याचा काळ कोणत्याही परिस्थितीत १२ महिन्यांपेक्षा कमीच असावा लागतो. आधी कप्तानाकडे लेखी अर्ज करावा, मग कंपनीकडे, आणि तरीही हालचाल नसेल तर आपल्या युनियनकडे किंवा नौवहन महासंचालनालयाकडे तक्रार करावी. या शेवटच्या आठवड्यांत झोप उडणे, कामात लक्ष न लागणे, बॅग पुन्हा पुन्हा भरणे याला जुने खलाशी चॅनल फीव्हर म्हणतात. ते जवळपास सगळ्यांना होते. फक्त त्या दिवसांत उंचावरची आणि बंद टाकीतली कामे करताना जास्त सांभाळावे.

आता आठवण कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो, हे ओळखण्याबद्दल. आठवण येणारा माणूस उदास असतो, पण मेसमध्ये जेवायला येतो, कोणी कॅरमला बोलावले तर कुरकुरत का होईना बसतो आणि घरून मुलाचा फोटो आला तर दाखवत फिरतो. काळजी वाटावी ती मेसमधली खुर्ची रिकामी राहू लागली की. ताट केबिनमध्ये नेणे, मग जेवणच टाळणे, दाढी-अंघोळ सोडणे, पहाटे फार लवकर जाग येऊन पुन्हा झोप न लागणे, हे दोन आठवडे टिकले तर ती साधी आठवण राहिलेली नाही. इंटरनेट चांगले झाल्यापासून हे ओळखणे कठीण झाले आहे, कारण जेवून प्रत्येक जण केबिनचे दार लावून मोबाइल घेऊन बसतो आणि खचलेला माणूस इतरांहून वेगळा दिसत नाही. म्हणून मी माझ्या बोटीवर रात्रीचे जेवण तरी सगळ्यांनी एकत्र करावे असा आग्रह धरत असे, आणि आजच्या कप्तानांनीही धरावा असे मला मनापासून वाटते.

घरच्यांना फोनवर वेगळ्या खुणा कळतात. तक्रारी करणारा माणूस एकाएकी तक्रार करायचा थांबतो, बोलणे ‘हो’, ‘बरं’ एवढ्यावर येते, बँकेचे पासवर्ड आणि विम्याचे कागद कुठे आहेत हे न विचारता सांगितले जाते किंवा ‘माझ्यामुळे तुम्हाला त्रास’ असे वाक्य येते. तेव्हा सरळ विचारावे, ‘जीव द्यावा असे मनात येते का?’ हे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात तो आहे त्याला बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आले किंवा नुसतीच शांतता आली, तर फोन चालू ठेवून दुसऱ्या फोनवरून कंपनीचा चोवीस तासांचा नंबर लावावा आणि डीपीएशी बोलायचे आहे असे सांगावे. डीपीए हा प्रत्येक कंपनीत सुरक्षेसाठी नेमलेला किनाऱ्यावरचा अधिकारी असतो आणि तो बोटीवर कप्तानाशी लगेच बोलू शकतो. कप्तानाने त्या माणसाला एकटे सोडू नये, रात्री डेकवर जाऊ देऊ नये, रेडिओ वैद्यकीय सल्ला घ्यावा आणि पुढच्या बंदरात डॉक्टरांकडे न्यावे. आजारपणात मायदेशी परतण्याचा त्याचा हक्क असतो आणि तो खर्च मालकाचा असतो.

मुले हे सांगत नाहीत याचे खरे कारण लाज नसते, भीती असते: ‘अनफिट’ शिक्का बसला तर पुढची बोट मिळणार नाही. ही भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. परंतु सुरुवातीला बोललेला माणूस बरा होऊन पुन्हा बोटीवर गेलेला मी पाहिला आहे. कंपनीला न कळवता बोलायचे असेल तर सीफेररहेल्प ही खलाशांसाठीची मोफत, चोवीस तास चालणारी सेवा आहे, ती गोपनीयता पाळते आणि घरचेही तिच्याशी बोलू शकतात. घरी वाट पाहणाऱ्या पत्नीचे किंवा आईचेच मन थकले असेल तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

आणि शेवटी तो घरी येतो. पहिला आठवडा सगळ्यांना वाटतो तसा जात नाही. मुलगा आईच्या मागे लपतो, घराचे सगळे व्यवहार सहा महिने एकटीने चालवलेल्या पत्नीला त्याच्या सूचना टोचतात, आणि तो स्वतः दुपारी जेवून गाढ झोपतो. त्या आठवड्यात घरात काहीही नवे ठरवू नये. रात्री पावणेबाराला त्याला आपोआप जाग येईल, कारण सहा महिने कोणीतरी त्याला त्याच वेळी वॉचसाठी उठवत होते. तो बाल्कनीत जाऊन उभा राहिला तर त्याला झोपायला बोलावू नका. आठ-दहा रात्रींनी ती जाग आपोआप बंद होते.